सुपारी, इसार आणि रद्द झालेली तारीख

पनवेल तालुक्यातल्या आगरी-कोळी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी असते. उलवे, वहाळ, गव्हाण, कामोठे, कळंबोली, कुठेही जा, एप्रिल-मे महिन्यांत मांडव, बेंजो, कोळीगीतांचा ऑर्केस्ट्रा आणि रात्री दहाची धास्ती हे ठरलेलं. मुहूर्त मोजके असल्यामुळे एकाच संध्याकाळी दहा घरी हळद असते आणि प्रत्येक घराला गायक हवा असतो. गायकाकडे मात्र ती संध्याकाळ एकच असते. दुकानदाराचा न विकलेला माल दुसऱ्या दिवशी विकता येतो, पण ९ मेची संध्याकाळ १० मेला विकता येत नाही. कलाकाराच्या बिलातल्या अ‍ॅडव्हान्स, प्रवासखर्च आणि रद्द केल्याचा आकार या तिन्ही बाबी या एका गोष्टीतून निघतात. तरी आपल्याकडे बिल बनतं ते कार्यक्रम झाल्यावर. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल' असं छापलेलं असतं, आणि ते वाचायची वेळ कोणावर आलीच तर तोवर भांडण सुरू झालेलं असतं.

महाराष्ट्रात हा व्यवहार नवा नाही. तमाशाच्या फडाची सगळी वर्षाची आर्थिक घडी आगाऊ रकमेवर बसलेली आहे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो. त्याआधी फडमालक कलाकारांना उचल देतो, आणि त्यासाठी स्वतः कर्ज काढतो. मग चैत्रातल्या गावोगावच्या जत्रांसाठी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात राहुट्या लागतात. यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, फड बघतात, आकडा ठरतो आणि सुपारी दिली जाते. म्हणजे गावाकडून आलेली आगाऊ रक्कम ही फडमालकाची कमाई नसते. ती आधीच कोणाला तरी दिलेली असते. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. सुपाऱ्यांचा ऐन मोसम त्या दिवशी संपला. गावं म्हणाली जत्राच नाही तर पैसे परत द्या, आणि फडमालकांचे पैसे तर कलाकारांच्या घरात खर्च होऊन गेलेले. कोणाचं खोटं होतं? कोणाचंच नाही. असं झालं तर काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

व्यावसायिक नाटकांत रीत जरा वेगळी आहे. नटाला प्रयोगागणिक 'नाईट' मिळते आणि निर्माता आयोजकाला 'कॉन्ट्रॅक्ट शो' विकतो. ठरलेली रक्कम, बस, राहणं-जेवण, नाट्यगृहाचं भाडं कोणाकडे हे बहुधा आधीच ठरतं, कारण दोन्ही बाजूंची माणसं रोज हेच करतात. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात बाहेरचा प्रयोग लावणाऱ्या आयोजकाला या गोष्टी पाठ असतात. कीर्तनकारांकडे याच्या उलट टोक दिसतं. बिदागी पाकिटात, नारळासोबत, आकडा विचारायचा नाही. तिथे रद्द झालं तर बोलायची सोय नसते, पण बहुतेक गावं मान राखतात. कंपन्यांचे कार्यक्रम, म्हणजे तळोजा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा वार्षिक दिवस, तिथे कागद भरपूर असतो, फक्त तो कंपनीचा असतो. त्यात पैसे ४५ किंवा ६० दिवसांनी आणि 'कार्यक्रम कधीही रद्द करण्याचा अधिकार राखून' असं लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोकळा, म्हणजे सगळ्यात धोक्याचा व्यवहार घरगुती समारंभांचा. फोनवर तारीख धरली जाते, गुगल पेवर पाच हजार येतात आणि दोघंही समजतात की सगळं ठरलं. यापुढचं सगळं लिखाण मुख्यतः या व्यवहाराबद्दल आहे.

आधी कायदा पाहू. भारतीय करार कायदा १८७२चा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांना गाणारी माणसं चांगली आठवत होती. त्याच्या ६५व्या कलमाखाली दिलेलं एक उदाहरण असं: एक जण हजार रुपये आगाऊ घेऊन मैफलीत गायचं कबूल करतो, पण आजारपणामुळे गाऊ शकत नाही. आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण ते हजार रुपये परत द्यायचे. त्याच कलमातलं दुसरं उदाहरण नाट्यगृहात दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री गाणाऱ्या गायिकेचं आहे. ती सहाव्या रात्री मुद्दाम गैरहजर राहते आणि मालक करार मोडतो. आधीच्या पाच रात्रींचे पैसे मात्र त्याला द्यावेच लागतात. ५६व्या कलमात आजारी पडणारा नट आहे. करार अशक्य झाला तर तो संपतो, हे तत्त्वही इंग्लंडमधल्या अशाच प्रकरणातून रूढ झालं. १८६१ साली लंडनमधला सरे गार्डन्सचा म्युझिक हॉल तिथे ठरलेल्या मैफलींपूर्वीच जळाला आणि १८६३ साली न्यायालयाने दोन्ही बाजूंना पुढच्या जबाबदारीतून मोकळं केलं.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती बऱ्याच कलाकारांना आवडत नाही. कार्यक्रम कोणाचाही दोष नसताना अशक्य झाला आणि कागदावर वेगळं काही ठरलेलं नसेल, तर आगाऊ घेतलेली रक्कम परत करायची हा कायद्याचा मूळ कल आहे. टाळेबंदी, शासनाची बंदी, मांडवाच्या जागी आलेला पूर, हे सगळं त्यात येतं. 'अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही ही लाईनची पद्धत आहे' हे उत्तर तिथे पुरत नाही. मात्र आयोजकाने स्वतःच्या मर्जीने कार्यक्रम रद्द केला, तर गोष्ट निराळी. तिथे करारभंग होतो आणि भरपाईचा प्रश्न येतो.

भरपाई किती, हे ७४व्या कलमात आहे. करारात आकडा लिहिला असेल तर तो आकडा ही कमाल मर्यादा धरली जाते. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई, त्या आकड्यापर्यंतची. १९६३च्या फतेहचंद प्रकरणापासून २०१५च्या कैलासनाथ प्रकरणापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे, आणि कैलासनाथमध्ये आणखी एक जोड दिली: मुळात काही नुकसान झालेलंच नसेल तर जप्तीही नाही. नुकसान मोजणं अवघड असेल तर आधी प्रामाणिकपणे केलेला अंदाज ग्राह्य धरता येतो. इसार आणि आगाऊ हप्ता यांतही न्यायालयं फरक करतात. व्यवहार पक्का केल्याची खूण म्हणून दिलेला इसार देणाऱ्याने माघार घेतली तर जप्त होऊ शकतो. किमतीचा नुसता आगाऊ भाग असेल तर तो परत मागता येतो. म्हणून पावतीवर 'अ‍ॅडव्हान्स' एवढंच लिहून थांबू नये. त्यातला किती भाग तारीख धरून ठेवण्याचा आहे आणि किती मानधनाचा हप्ता आहे, हे सांगावं.

इथून मुद्दा सोपा होतो. रद्द केल्याचा आकार कलाकाराच्या रागाएवढा ठेवायचा नाही. तारीख हातातून किती गेली, तेवढा ठेवायचा. दोन महिने आधी रद्द झालं तर मेमधली तारीख बहुधा पुन्हा विकली जाते, नुकसान थोडं. तीन दिवस आधी झालं तर कोणी घेत नाही, नुकसान जवळजवळ पूर्ण. म्हणजे आकार दिवसांप्रमाणे चढत गेला पाहिजे. सरसकट 'शंभर टक्के जप्त' लिहिणारा कागद दिसायला कडक असतो, पण वादाच्या वेळी तोच सगळ्यात आधी ढासळतो. घरगुती समारंभासाठी गायक ठरवणारं कुटुंब कायद्याने ग्राहक असतं, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला 'अन्याय्य करार' म्हणायची सोय आहे.

आता एक उदाहरण घेऊन हे आकड्यांत पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. पनवेलमधला सात जणांचा कोळीगीतांचा संच आहे: दोन गायक, कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, निवेदक आणि साउंडचा माणूस. अलिबागजवळच्या गावात ९ मेला हळद. मानधन ६०,००० रुपये. साउंड सिस्टीम यजमानांची.

आधी प्रवास. पनवेल ते अलिबाग पेण-वडखळमार्गे सुमारे सत्तर किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे चाळीस. यजमान म्हणतो, एकशे चाळीस किलोमीटरचं डिझेल घ्या. इथेच पहिली खडाजंगी होते. भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर शहराबाहेर गेली की मालक दिवसाचे किमान किलोमीटर लावतो, धावली कमी तरी. शिवाय मोजणी गॅरेज टू गॅरेज असते. गाडी जिथे उभी असते तिथून मीटर सुरू. ढोलकीवाला डोंबिवलीहून यायचा असेल तर ती वळणंही त्यात. समजा किमान ३०० किलोमीटर, दर २६ रुपये, म्हणजे ७,८००. चालकाचा भत्ता ७०० धरला तर एकूण ८,५००. यजमानाला हा आकडा फुगवलेला वाटतो, कारण त्याने नकाशावर अंतर बघितलेलं असतं. म्हणून प्रवासखर्चाच्या ओळीत नुसती रक्कम लिहू नये. गाडी कोणती, किमान किलोमीटर किती, दर काय, टोल-पार्किंग धरून की वेगळं, हे चार शब्द लिहिले की वाद निम्मा होतो.

प्रवासखर्च ठोक घ्यावा की प्रत्यक्ष, यावर कलाकारांत दोन तट आहेत. माझं मत असं: पनवेल, खारघर, उरण, बेलापूर एवढ्या परिघात ठोक रक्कम बरी. शंभर-दोनशे रुपयांच्या पावत्या जमवण्यात कोणाचं भलं होत नाही. बाहेरगावी मात्र प्रत्यक्ष खर्च, पण वरची मर्यादा लिहून. टोल बदलत राहतात. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हा कारला एका फेरीचे २५० रुपये होते, तर ऑक्टोबर २०२४पासून वाशीच्या नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. जुन्या कागदावरचा टोलचा आकडा तसाच पुढे ओढणारे संच मी बघितले आहेत. दादरच्या कार्यक्रमाला लोकलने जाऊ म्हणणाऱ्या आयोजकालाही एक विचारावं: कार्यक्रम साडेबाराला संपल्यावर कीबोर्ड आणि ढोलक्या घेऊन सात जण पनवेलला कसे परततील? परतीची गाडी किंवा मुक्काम, दोहोंपैकी एक यजमानाकडे, हे लिहून घ्यावं.

तर एकूण ६८,५००. आता हप्ते. सहसा लोक निम्मे आधी, निम्मे कार्यक्रमानंतर घेतात, आणि यातच रद्दच्या अटीची गोची आहे. पाच दिवस आधी रद्द झाल्यास पंच्याहत्तर टक्के लागतील असं लिहिलं आणि हातात पन्नासच टक्के असले, तर उरलेले पंचवीस कोण वसूल करणार? लग्न मोडलेल्या घरात जाऊन? हातात आलेल्या रकमेपेक्षा मोठा रद्दचा आकार म्हणजे कागदावरची शाई. म्हणून हप्ता आणि रद्दचा आकार बरोबरीने चढवावेत, हप्ता नेहमी एक पाऊल पुढे. या संचाच्या कागदावर ते असं उतरेल:

मानधन ६०,००० रुपये. प्रवास ८,५०० रुपये (१७ आसनी गाडी, किमान ३०० किमी, दर २६ रुपये, चालक भत्ता ७०० धरून, टोल-पार्किंग पावतीप्रमाणे).
पहिला हप्ता २४,००० रुपये, तारीख धरताना. यातले ६,००० रुपये तारीख राखून ठेवण्याचा इसार.
दुसरा हप्ता २४,००० रुपये, १ मेपर्यंत. न आल्यास संच तारीख सोडू शकतो.
उरलेले मानधन १२,००० रुपये आणि प्रवासखर्च, ९ मे रोजी मंचावर जाण्यापूर्वी.
यजमानाने रद्द केल्यास आकार: ३० दिवसांहून आधी ६,००० रुपये, ३० ते ८ दिवस आधी १५,००० रुपये, ७ ते ३ दिवस आधी ३०,००० रुपये, त्यानंतर ४५,००० रुपये.
गाडी किंवा मुक्काम रद्द केल्याचा प्रत्यक्ष खर्च पावतीप्रमाणे वेगळा.
त्याच तारखेला संचाला दुसरे काम मिळाल्यास आकार प्रत्यक्ष नुकसानीपुरताच राहील.
दिवस लेखी निरोप मिळाल्यापासून मोजले जातील.

आता समजा यजमानाच्या घरात अडचण आली आणि ४ मेला निरोप आला. पाच दिवस उरले, म्हणजे आकार ३०,०००. हातात दोन्ही हप्त्यांचे ४८,००० आहेत. गाडीवाल्याने आपले १,५०० ठेवून घेतले, त्याची पावती आहे. परत जायचे ४८,००० वजा ३१,५००, म्हणजे १६,५००. हा हिशेब दोन ओळींत पाठवता येतो आणि समोरच्याला तो पटतोही. आता पुढची पायरी. ६ मेला कामोठ्याहून फोन येतो, ९ तारखेला आहात का, ४५,००० देऊ. संच जातो. खरं नुकसान आता मानधनातल्या फरकाचं, १५,०००. करार कायद्याच्या ७३व्या कलमाचं स्पष्टीकरणही हेच सांगतं की नुकसान भरून काढायचे जे मार्ग उपलब्ध होते ते हिशेबात धरायचे. म्हणून अलिबागच्या घराला आणखी १५,००० परत जातात. ही ओळ लिहायला कलाकार कचरतात. मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. तिच्यामुळे बाकीचा कागद दंडाचा न राहता नुकसानीचा राहतो, आणि त्या गावातून पुढच्या वर्षी पुन्हा फोन येतो.

ठेवलेल्या तीस हजारांत वादकांचा वाटा किती, यावर मात्र कोणी बोलत नाही. ढोलकीवाल्यानेही ती तारीख सोडलेली असते, त्याचंही दुसरं काम गेलेलं असतं. संचाच्या मालकाने वादकांना नाईट ठरवताना रद्दचा वाटाही त्याच दिवशी ठरवावा. नाहीतर मालक यजमानाकडे जो न्याय मागतो तोच स्वतःच्या माणसांना नाकारतो.

रद्द करण्यापेक्षा पुढे ढकलणं जास्त वेळा होतं आणि त्यातली मेख फार कमी कागदांवर असते. आठवडा राहिला असताना यजमान म्हणतो, रद्द नाही, डिसेंबरात करू. महिन्याभराने म्हणतो, डिसेंबरही जमत नाही, आता तर सहा महिने बाकी आहेत, सहा हजारच कापा. ही पळवाट बुजवायला एक वाक्य पुरतं: तारीख एकदाच बदलता येईल, नवी तारीख सहा महिन्यांच्या आत आणि संच मोकळा असेल तरच, आणि बदललेली तारीख नंतर रद्द झाल्यास दिवस तारीख बदलल्याच्या निरोपापासून मूळ तारखेपर्यंत मोजले जातील.

दोघांच्याही हाताबाहेरच्या कारणांची ओळ लिहिताना 'नैसर्गिक आपत्ती इत्यादी' यावर भागवू नये. कारणं नावाने लिहावीत. शासनाची बंदी आणि टाळेबंदी तर आहेच. त्याशिवाय दुखवट्याचा प्रश्न येतो. २६ डिसेंबर २०२४ला डॉ. मनमोहन सिंग गेल्यावर सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, तो थेट नववर्षाच्या रात्रीवरून गेला. सरकारी कार्यक्रमांना त्यात वाव नव्हता, पण खासगी कार्यक्रमांवर कायद्याने बंदी नव्हती. मग एखाद्या सोसायटीने स्वतःहून ३१ डिसेंबरचा ऑर्केस्ट्रा थांबवला तर ते हाताबाहेरचं की मर्जीचं? मी त्याला मर्जीचं म्हणेन, पण निम्म्या आकारावर तडजोड ठेवेन, कारण अशा वेळी गाण्याचा आग्रह धरणं कलाकारालाही शोभत नाही. पावसाचंही तसंच. उघड्यावरच्या मांडवात जूनमध्ये कार्यक्रम ठेवणाऱ्याला पाऊस अनपेक्षित म्हणता येणार नाही. रात्री दहाचा नियम तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. वरात उशिरा आली, नऊला गाणं सुरू झालं आणि दहाला पोलिसांनी बंद केलं, तर तासाभराचंच गाणं झालं म्हणून मानधन कापायला यजमान बघतो. परवानग्या यजमानाकडे, आणि संच ठरल्या वेळी हजर असेल तर मानधन पूर्ण, हे लिहिल्याशिवाय नेरे-मालडुंगे भागातल्या फार्महाऊसचं काम घेऊ नये.

कागदाची दुसरी बाजूही तितकीच भरलेली हवी. कलाकाराने रद्द केलं तर? खरं आजारपण असेल तर सगळी रक्कम ठरलेल्या दिवसांत परत, कायदाही तेवढंच मागतो. पण मोठी सुपारी आली की लहान तारखेला घसा बसण्याचा आजारही या धंद्यात आहे. त्यासाठी रक्कम परत आणि वर यजमानाला लागू आहे तेवढाच आकार, त्याच दिवसांच्या टप्प्यांनी. हे लिहायची तयारी नसलेल्या संचाने यजमानाकडून पंचाहत्तर टक्के मागू नयेत.

कराबद्दल थोडक्यात, कारण खरी गुंतागुंत थोड्यांनाच लागते. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं हा गुन्हा ठरू शकतो. पनवेलमध्ये असं बिल पाहायला मिळणं दुर्मीळ नाही. नोंदणी असेल तरी लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातलं संगीत, नृत्य, नाट्य कलाकाराने सादर केलं आणि त्या कार्यक्रमाची रक्कम दीड लाखाच्या आत असेल, तर २०१७च्या अधिसूचनेप्रमाणे ती करमुक्त आहे. हिंदी सिनेमांच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्र्याला ही सूट नाही, आणि मध्ये इव्हेंट कंपनी असेल तर तिच्या बिलावर अठरा टक्के लागतातच. करपात्र संचाने एक लक्षात ठेवावं: प्रवासखर्च बिलात वेगळ्या ओळीत लिहिला म्हणून करातून सुटत नाही, तो सेवेच्या मूल्यातच धरला जातो. आगाऊ रकमेवरचा कर ती हातात येते तेव्हाच देय होतो आणि तिची वेगळी पावती द्यावी लागते. रद्दच्या आकाराबाबत ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने खुलासा केला आहे. ठरलेली सेवा रद्द करू देण्याबद्दल घेतलेल्या शुल्काला मूळ सेवेचाच दर, करारभंगाची निव्वळ नुकसानभरपाई असेल तर कर नाही. वरच्यासारखा टप्प्यांचा तक्ता पहिल्या प्रकारात बसण्याची शक्यता जास्त, तेव्हा सनदी लेखापालाला तो कागद दाखवावा.

कंपनीच्या कार्यक्रमात मूळस्रोत करकपात होते. कोणी कंत्राट धरून एक-दोन टक्के कापतं, कोणी व्यावसायिक सेवा धरून दहा टक्के. १ एप्रिल २०२६पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले, त्यामुळे जुन्या बिलावर छापलेला कलम क्रमांक काढून टाकावा. आकडा ठरवतानाच कपात किती हे विचारून घ्यावं. प्रवासखर्च मानधनात मिसळला तर कपात त्यावरही होते, आणि मग गाडीवाल्याचे पैसे खिशातून भरावे लागतात. कंपन्यांकडून उशिरा येणाऱ्या पैशांसाठी एक हत्यार मात्र कलाकारांनी फारसं वापरलेलं नाही. काम करण्याआधी उद्यम नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या पुढे चक्रवाढ व्याज लागतं, बँक दराच्या तिप्पट, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते.

शेवटी क्रम. बिल हा शेवटचा कागद असतो, आणि शेवटच्या कागदावर पहिल्यांदा लिहिलेली अट समोरच्याने मान्य केली असं म्हणता येत नाही. अटी जायला हव्यात त्या दरपत्रकासोबत, पैसे घेण्याआधी. वर दिलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत पाठवावा आणि 'मान्य' असं उत्तर आल्यावरच इसार घ्यावा. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संदेशांतून झालेला करार केवळ त्या कारणाने अमान्य ठरत नाही. यूपीआयने पैसे घेताना शेऱ्यात कार्यक्रमाची तारीख लिहून घ्यावी. मग पावती, आणि कार्यक्रम झाल्यावर बिल, ज्यात दरपत्रकाची तारीख, मिळालेले हप्ते आणि बाकी एवढंच असावं. नवी अट बिलात घालू नये.

यजमानांसाठीही एक गोष्ट. गायक ठरवताना आकडा विचारता, तसा रद्द झालं तर काय, हेही विचारा. उत्तर देताना अडखळणाऱ्याला लेखी मागा. आणि दोघांनीही फोन बदलताना ते संभाषण उडवू नका: पैशांचा दावा दिवाणी न्यायालयात नेण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची, तर ग्राहक आयोगाकडे जायची दोनच वर्षांची असते. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे.